पाठ, उन्हाळा आणि गादी : काथ्या, फोम की स्प्रिंग?



खानदेशात गादी म्हटले की कालपरवापर्यंत एकच गोष्ट डोळ्यांपुढे येत असे, ती म्हणजे कापसाची गादी. कापूस आपल्याच शिवारातला, गादीपाट बाजारातला आणि गादी भरून देणारा पिंजारी आपल्याच गल्लीतून जाणारा. दोन-तीन वर्षांनी गादी दबली, तिच्यात गोळे झाले, की खोळ उसवायची, कापूस पुन्हा पिंजून घ्यायचा आणि तीच गादी नवी करायची. आता मुलीच्या लग्नात असो की घरात पलंग आला म्हणून असो, आपण जळगावच्या किंवा धुळ्याच्या दुकानात जातो आणि दुकानदार तीन गाद्या पुढे टाकतो. एक काथ्याची, तिला तो 'कॉयर' म्हणतो. दुसरी फोमची आणि तिसरी स्प्रिंगची. तिन्हींवर 'पाठीसाठी उत्तम' असेच लिहिलेले असते. भावात मात्र दुपटी-तिपटीचा फरक असतो.

आपल्या घरांमध्ये गादीवर पडणारी पाठ ही बहुधा दिवसभर राबलेली पाठ असते. दाणा बाजारात पोती उचलणारा हमाल, रावेर-यावलकडे केळीचे घड ट्रकमध्ये भरणारा मजूर, धुळ्याच्या यंत्रमागावर दहा-बारा तास उभा राहणारा कामगार आणि वाकून धुणी-भांडी करणारी भगिनी या सर्वांना रात्रीचे सहा-सात तास तेवढे पाठ टेकायला मिळतात. गादी चुकली तर महिन्याची कमाई जाते आणि पुढील सात-आठ वर्षे ती चूक रोज पाठीखाली राहते. म्हणून आज या एकाच प्रश्नाचा नीट विचार करू.

कठीण गादी म्हणजे चांगली गादी का?

कंबर दुखते म्हटले की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो 'फळीवर झोपा' असा. एके काळी डॉक्टर मंडळीही हेच सांगत. दुकानदारही याच समजाचा फायदा घेतो आणि दगडासारख्या गादीला 'ऑर्थो' म्हणून जास्त भाव लावतो.

या समजाची चांगली परीक्षा स्पेनमध्ये झाली. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढ माणसांचे दोन गट केले गेले. एका गटाला कठीण गादी दिली आणि दुसऱ्या गटाला मध्यम कठीण. कोणाला कोणती गादी मिळाली हे झोपणाऱ्यांनाही सांगितले नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही सांगितले नव्हते. ९० दिवसांनी पाहिले तेव्हा मध्यम कठीण गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झाले होते आणि रोजची कामेही त्यांना अधिक सहज जमत होती. हे संशोधन २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

असे का होते, हे आपल्या शरीराकडे पाहिले की कळते. माणूस कुशीवर झोपला की खांदा आणि खुबा हे दोन भाग सर्वांत बाहेर आलेले असतात आणि मधली कंबर आत गेलेली असते. फळीवर झोपले तर सर्व भार खांदा व खुबा यांवरच पडतो. कंबर मधे अधांतरी लोंबते आणि तिचे स्नायू रात्रभर ताणलेले राहतात. उलट गादी फार मऊ असेल तर शरीरातील सर्वांत जड भाग, म्हणजे खुबे, खोल बुडतात आणि पाठीचा कणा झोळीसारखा वाकतो. जी गादी खांद्याला आणि खुब्याला थोडे आत घेते, पण कमरेला खालून टेकू देते, ती पाठीची गादी. वरून इंच-दीड इंच मऊ आणि खालून भक्कम असा तिचा घाट असतो.

या संशोधनात तुलना झाली ती कठीणपणाची. काथ्या चांगला की स्प्रिंग चांगली, असे त्यात पाहिलेले नव्हते. म्हणजे पाठीच्या दृष्टीने गादी किती दबते हे आधी पाहायचे आणि आत काय भरले आहे ते नंतर. आतला माल कोणता असावा हे ठरवायला मात्र आपल्याकडे एक मोठे कारण आहे, ते म्हणजे खानदेशाचे ऊन.

उन्हाळ्याचा हिशेब

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. दिवसभर तापलेला स्लॅब किंवा पत्रा रात्री घरात उष्णता सोडत राहतो. अशा वेळी शरीर थंड होण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम येणे आणि तो वाळणे. छाती-पोटावरचा घाम पंख्याने वाळतो. पाठीचा घाम वाळायला मात्र पाठीखालून हवा खेळली पाहिजे. ती खेळली नाही तर माणूस रात्रभर कूस बदलत राहतो, झोप मोडते आणि सकाळी अंग जड होते. झोप अपुरी झाली की आधीचे दुखणेही जास्त जाणवते. म्हणून आपल्याकडे गादीतील हवेचा प्रश्न हा पाठीचाच प्रश्न आहे.

या कसोटीवर आता तिन्ही गाद्या पाहू.

काथ्याची गादी

नारळाच्या सोडणाचा काथ्या पिळून त्याचे दोर करतात. ते वाफवून त्यांना पीळ पक्का बसला की पुन्हा उकलतात. त्यामुळे तंतू कुरळा होतो, स्प्रिंगसारखा. या कुरळ्या तंतूंवर रबराचा चीक फवारतात, थर दाबतात आणि उष्णता देऊन पक्के करतात. म्हणजे काथ्या हा सांगाडा आणि रबर हा त्याला धरून ठेवणारा सांधा. तंतू-तंतूंमध्ये मोठी मोकळी जागा राहते, त्यामुळे तिन्हींत हवा सर्वांत मोकळी काथ्यातूनच जाते. ही गादी मुळातच भक्कम असते आणि कमरेला टेकू चांगला देते.

तिचे दोषही आहेत. नुसत्या काथ्यावर झोपले तर ती बारीक अंगाच्या माणसाला टणक लागते, खांदा व खुबा दुखतो. दुसरे असे की चार-पाच वर्षांनी, जिथे रोज खुबा टेकतो तिथे सांधे तुटून खड्डा पडू लागतो. पलंगाखाली झाडताना तपकिरी भुकटी सापडू लागली तर समजावे की आतले सांधे सुटत आहेत. कमी रबर मारलेल्या हलक्या मालात ही भुकटी वर्षभरातच दिसू लागते.

म्हणून दुकानात खोळीची झिप उघडून पाहावी. झिप नसेल तर कापलेला नमुना मागावा. काही ठिकाणी वर-खाली काथ्याचा पातळ थर आणि मधे चिंध्या किंवा भुसा असा मालही खपवला जातो, तेव्हा 'दादा, आत काय आहे ते दाखवा' असे म्हणायला लाजू नये. तंतू कुरळे आणि लवचीक असावेत. हाताने थोपटले तर भुकटी पडू नये. गुडघा जोराने रोवून काढला तर गादी लगेच वर यावी, खळगा राहू नये.

फोमची गादी

फोम हलका, मऊ आणि उचलायला सोपा. पण त्यात हवा असते ती बारीक बारीक घरांमध्ये अडकून राहिलेली. अडकलेली हवा उष्णता धरून ठेवते. गोधडी थंडीत ऊब देते ती याच कारणाने. डिसेंबरात हे बरे वाटते, मे महिन्यात नको होते.

फोम घेताना दुकानदार 'डेन्सिटी' सांगतो. ३२ ची डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन ३२ किलो. डेन्सिटी आणि कठीणपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवावे. डेन्सिटीवरून गादी किती वर्षे टिकेल याचा अंदाज येतो. हलका फोम दुकानात हाताला छान टणक लागू शकतो आणि वर्षभरात मधे बसतो. रोज मोठ्या माणसाने झोपायचे असेल तर ३२ च्या खाली जाऊ नये, जड अंगाच्या माणसासाठी ४० बरी.

दुकानदाराने सांगितलेली डेन्सिटी खरी की खोटी, हे घरच्या हिशेबाने काढता येते. चार फूट बाय सहा फूट म्हणजे २४ चौरस फूट. चार इंच जाडी म्हणजे एक तृतीयांश फूट. म्हणून गादीत झाले ८ घनफूट. ३२ डेन्सिटीच्या फोमचे वजन एका घनफुटाला सुमारे ९०० ग्रॅम भरते, म्हणजे पूर्ण गादीचा फोम सव्वासात किलोच्या आसपास हवा. ४० डेन्सिटीचा असेल तर नऊ किलो. काट्यावर तो साडेचार किलोच भरला तर ती डेन्सिटी २० आहे, मग तोंडाने काही सांगोत. खोळीचे वजन तेवढे वेगळे धरावे.

या हिशेबालाही एक फाटा आहे. वजन वाढावे म्हणून काही फोममध्ये खडूसारखी पूड मिसळतात. असा फोम चिमटीत दाबून सोडला तर हळू फुलतो, बोटांना खरखरीत लागतो आणि चुरला की पांढरी पूड सुटते. वजन बरोबर आणि फुलणेही चपळ, अशा दोन्ही खुणा पटल्या तरच घ्यावा.

फोमच्याच जातीतील दोन गाद्या सध्या दुकानात दिसतात. एक रंगीबेरंगी तुकडे चिकटवून केलेली. ती खूप जड आणि खूप कठीण असते, आणि 'ऑर्थो' म्हणून बहुधा तीच विकली जाते. तिच्यावर नुसते झोपणे म्हणजे फळीवर झोपण्याच्याच जवळ जाणे. भक्कम तळ म्हणून ती चालते, पण वर मऊ थर हवाच. दुसरी 'मेमरी फोम', हाताचा ठसा काही क्षण ठेवणारी. तिचा गुणधर्मच असा की उष्णता लागली की ती अधिक मऊ होते. वातानुकूलित दुकानात जी गादी मध्यम वाटली, तीच मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या खोलीत बुडणारी आणि तापणारी होते. कूलरवर चालणाऱ्या खानदेशी घराने तिच्या नादी लागू नये.

स्प्रिंगची गादी

स्प्रिंगच्या गादीत आत पोकळी मोठी असल्याने हवा भरपूर असते. पण आपण स्प्रिंगवर झोपत नाही, तिच्यावर घातलेल्या फोमवर झोपतो. वर दोन-तीन इंच फोम आणि जाड शिवलेली खोळ असेल तर खालच्या हवेचा पाठीला फारसा उपयोग होत नाही. म्हणून वरच्या थरात काय आहे आणि ते किती जाड आहे, हे विचारावे.

स्प्रिंगचे दोन प्रकार असतात. स्वस्त प्रकारात सर्व स्प्रिंगा तारेने एकमेकींना बांधलेल्या असतात, त्यामुळे एकाने कूस बदलली की दुसऱ्याला झोका बसतो. महाग प्रकारात प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत असते. तिथे प्रत्येक भाग वेगवेगळा दबतो आणि पाठीला आधार अधिक चांगला मिळतो. घरात सपाट पलंग असेल, गादी एकाच जागी राहणार असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर ही चांगली गादी आहे.

पण आपल्या घरांची रीत पाहा. उन्हाळ्यात अंथरूण धाब्यावर, गच्चीवर किंवा ओट्यावर जाते. पाहुणे आले की गादी खाली येते. स्प्रिंगची गादी घडी होत नाही, एकट्याने उचलत नाही, आणि सुतळीच्या बाजेवर किंवा नवारीच्या खाटेवर टाकली तर खालून वाकून तिच्या तारा बिघडतात. एकदा मधे बसली की ती गल्लीत दुरुस्तही होत नाही.

एका घराचा हिशेब

आता हे सर्व एका घरात बसवून पाहू. समजा, धुळ्यातील एक कुटुंब आहे. नवरा यंत्रमागावर जातो, वजन सत्तर किलोच्या आसपास. सकाळी उठताना त्याची कंबर धरते आणि तासाभराने सुटते. बायको अंगाने बारीक, चार घरची कामे करते. सासूबाई साठी ओलांडलेल्या, त्यांची वेगळी लहान खाट. नवरा-बायकोचा चार बाय सहाचा लोखंडी पलंग, त्याला खाली लोखंडी पट्ट्या, वर दहा वर्षांपूर्वीची कापसाची गादी.

या घराने प्रथम दुकानात जाऊ नये, प्रथम पलंगाखाली जावे. पलंगाच्या मधोमध पट्टीपासून जमिनीपर्यंत मोजपट्टीने अंतर घ्यावे. मग नवऱ्याला पलंगावर झोपवून तेच अंतर पुन्हा मोजावे. इंच-दीड इंचाहून अधिक फरक पडला तर दोष पट्ट्यांचा आहे, आणि त्यावर कितीही महाग गादी टाकली तरी ती झोळीच होणार. उपाय स्वस्त आहे. सुताराकडून पाऊण इंची फळ्या कापून आडव्या टाकाव्यात, दोन फळ्यांमध्ये बोट-दोन बोटे फट ठेवावी. सलग प्लायवूडपेक्षा हे बरे, कारण फटीतून हवा जाते आणि घामाची ओल गादीच्या तळाशी साचत नाही.

दुसरी पायरी बिनखर्चाची आहे. नवऱ्याने दहा-पंधरा रात्री जमिनीवर दोन गोधड्या अंथरून झोपून पाहावे. सकाळचे धरणे स्पष्ट कमी झाले तर जुन्या बिछान्याचा खड्डाच कारण होता, आणि भक्कम तळाची गादी त्याला मानवेल. कंबर सुटली पण खांदे-खुबे दुखू लागले, तर भक्कम तळावर मऊ थर जाड हवा. काहीच फरक पडला नाही तर कारण गादीत नाही. ते कामाच्या उभे राहण्यात आहे किंवा पाठीच्या आजारात आहे. मग गादीचे पैसे तूर्त राखून आधी डॉक्टरांना दाखवावे.

समजा, पहिली गोष्ट घडली, जमिनीवर आराम पडला. आता या घराने चार इंची काथ्याची गादी घ्यावी. सत्तर किलोच्या अंगाला तिचा टेकू पुरतो, हवा खेळती राहते आणि दोघे मिळून ती उचलूही शकतात. पण काम इथे संपत नाही. जुन्या कापसाच्या गादीचा कापूस फेकू नये. तो पिंजून त्यातील तीन-चार किलोची, इंच-दीड इंच जाडीची पातळ गादी भरून घ्यावी आणि ती काथ्यावर अंथरावी. हाच तो मऊ थर. बायकोच्या बारीक अंगाला टणक गादी टोचत होती, ती आता टोचणार नाही. कापूस घाम शोषून घेतो, आणि ही पातळ गादी उन्हाळ्यात एकटीच धाब्यावर नेता येते. उरलेला कापूस सासूबाईंच्या खाटेवर थोडी जाड गादी भरायला जाईल. म्हाताऱ्या, हाडकुळ्या अंगाला मऊ थर अधिक लागतो. त्यांच्यासाठी खाट फार खाली नसावी, एवढे मात्र पाहावे, नाहीतर उठताना कमरेला हिसका बसतो.

हेच घर फोमच घ्यायचा म्हणत असेल तर ३२ ते ४० डेन्सिटीचा, वजन करून घेतलेला, चार इंची फोम घ्यावा, आणि वर हीच कापसाची पातळ गादी. कापसामुळे उष्णतेचा त्रास पुरता जात नाही, पण कमी होतो.

गादी कोणतीही घेतली तरी दुकानात तिच्यावर दहा-पंधरा मिनिटे झोपून पाहावे, बसून पाहणे पुरेसे नाही. उताणे झोपून कमरेच्या खळग्यात हात घालावा. हात सहज आरपार गेला तर गादी कठीण आहे. हात मुळीच शिरत नसेल आणि कूस बदलायला जोर लागत असेल तर ती फार मऊ आहे. थोडा दाब देत हात शिरला तर ठीक. मग नेहमीच्या कुशीवर वळावे आणि सोबतच्या माणसाने मागून पाहावे, मानेपासून माकडहाडापर्यंत कणा साधारण सरळ रेषेत दिसला पाहिजे. दोघांची गादी असेल तर दोघांनीही झोपून पाहावे. भगिनींनी दुकानात झोपायला संकोच करू नये, कारण त्या गादीवर रोज झोपायचे आपल्यालाच आहे.

नवी गादी कशाने बिघडते

कापसाच्या गादीची आपली सवय आहे, की उन्हाळ्यात तिला कडक ऊन दाखवायचे. कापसाला ते मानवते, तो फुलतो. हीच सवय आपण नव्या गादीला लावतो आणि तिथे घात होतो. काथ्याला धरून ठेवणारे रबर कडक उन्हात वाळते, चिरते आणि सांधे सुटतात. फोम उन्हाने पिवळा पडतो आणि पुढे चुरा होतो. एप्रिल-मेच्या खानदेशी उन्हात दिवस-दिवस पडलेली काथ्याची किंवा फोमची गादी आपले आयुष्य गच्चीवरच संपवते. या गाद्यांना सावलीतला वारा द्यावा. महिन्यातून एकदा गादी भिंतीला उभी करून, खिडकी-दार उघडून, पंखा लावून दोन-तीन तास ठेवावी. कूलर लावतो त्या दिवसांत घरात ओल राहते, तेव्हा हे पंधरा दिवसांनी करावे. ऊन दाखवायचे ते वरच्या कापसाच्या पातळ गादीला.

दुसरी सवय प्लास्टिकची. नवी गादी मळू नये म्हणून तिची प्लास्टिकची पिशवी तशीच ठेवतात किंवा वर रेक्झिनची खोळ चढवतात. मग काथ्यातून हवा खेळते म्हणून दिलेले पैसे वाया गेले. घाम आत जिरत नाही, बाहेरही जात नाही, पाठीखाली ओल साचते आणि घामोळे येते. प्लास्टिक पहिल्याच दिवशी काढावे आणि सुती खोळ शिवावी. लहान मूल अंथरूण ओले करत असेल तर त्याच्या जागेपुरताच तुकडा टाकावा.

गादीची जागाही बदलत राहावी. दर दोन-तीन महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे करावी. काथ्याची आणि साध्या फोमची गादी दोन्ही बाजूंनी सारखी असते, तिची खालची बाजू वरही आणावी. ज्या गादीचा मऊ थर एकाच बाजूला आहे ती पालथी करायची नसते, फक्त फिरवायची. असे केल्याने खुब्याचा भार एकाच ठिकाणी पडत नाही आणि खड्डा उशिरा पडतो.

एका खोलीत चूल, अगरबत्ती आणि अंथरूण जवळजवळ असते, म्हणून हेही सांगितले पाहिजे. फोम फार लवकर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. डासांची जळती कॉइल पलंगाखाली ठेवू नये, आणि गादीवर बसून बिडी ओढू नये.

पक्के बिल घ्यावे आणि त्यावर माल, जाडी आणि डेन्सिटी लिहून घ्यावी. हमीपत्रात खड्डा किती खोल पडला तर गादी बदलून मिळेल, ते वाचावे. बऱ्याच हमीपत्रांत पलंग सपाट असण्याची अटही असते, म्हणूनही फळ्या आधी टाकाव्यात.

गादीने बरे न होणारे दुखणे

गादी बदलून जे दुखणे कमी होते ते बहुधा सकाळी उठताना जास्त असते आणि चालू-फिरू लागले की सुटत जाते. पण दुखणे कमरेतून पायात उतरत असेल, पाय बधिर किंवा लुळा वाटत असेल, रात्री कोणत्याही कुशीवर थांबत नसेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल किंवा पडल्यानंतर सुरू झाले असेल, तर गादीच्या दुकानात जाऊ नये. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथे अस्थिरोग विभागात दाखवावे. लघवी किंवा शौचावरचा ताबा जात असेल, जांघेत बधिरपणा येत असेल, तर तेथे त्याच दिवशी जावे, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

बाकी रोजच्या श्रमाच्या कंबरदुखीसाठी आणि आपल्या या तापलेल्या मुलखासाठी हिशेब सोपा आहे. पलंग सपाट करावा, त्यावर चांगल्या रबराचा चार इंची काथ्या टाकावा, आणि वर आपल्याच जुन्या कापसाची पातळ गादी. सात-आठ वर्षांनी काथ्या बसेल तेव्हा तो बदलावा लागेल. कापूस मात्र पुन्हा पिंजून घेता येईल.